सिनॉप्सिस टेबलावर ठेवा

पीएचडीच्या व्हायव्हाला टेबलावर काय काय असतं? मरून बांधणीचा प्रबंध असतो, त्यावर सोनेरी अक्षरांत विद्यार्थ्याचं नाव असतं, परीक्षकांचे अहवाल असतात, पाण्याच्या बाटल्या असतात, आणि पुष्पगुच्छ बहुतेक वेळा आधीच आणून ठेवलेला असतो. संख्याशास्त्र शिकवते म्हणून मुंबईत आणि मुंबईबाहेर मला अशा बऱ्याच तोंडी परीक्षांना बसावं लागलं. एक कागद मात्र त्या टेबलावर मी क्वचितच पाहिला. तो म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वी नोंदणी करताना विद्यार्थ्याने दिलेला सिनॉप्सिस. काय तपासणार, कुणावर तपासणार, कोणत्या परिकल्पना मांडणार, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. प्रबंधात जे ‘सिग्निफिकंट’ म्हणून छापलं आहे, तेच तपासायचं मुळात ठरलं होतं का, हा प्रश्न तो कागद समोर असल्याशिवाय विचारताच येत नाही. म्हणून तो विचारलाच जात नाही.

माझी मागणी छोटी आहे. व्हायव्हाला सिनॉप्सिस आणि प्रबंध शेजारी शेजारी उघडावेत, आणि विद्यार्थ्याने डेटावर केलेल्या प्रत्येक चाचणीची यादी परिशिष्टात असावी. छापायला निवडलेल्या चाचण्यांची नव्हे, केलेल्या सगळ्या चाचण्यांची. ही मागणी मला एका मुलीच्या अनुभवातून सुचली. तिच्या परवानगीने तो सांगते. नाव आणि कॉलेज सांगत नाही.

ती डोंबिवलीची. आहारशास्त्रात पीएचडी करत होती. प्रश्न साधा होता आणि महत्त्वाचा होता. महापालिकेच्या शाळांतल्या १३ ते १५ वर्षांच्या मुलींना रोज शेंगदाणा-गुळाची चिक्की दिली, तर १२ आठवड्यांत त्यांचं हिमोग्लोबिन वाढतं का? मानखुर्द-गोवंडीकडच्या तीन शाळांमधून तिने १२० मुली घेतल्या. चिठ्ठ्या टाकून ६० जणी चिक्कीच्या गटात आल्या, ६० तुलनेच्या गटात. तुलनेच्या गटाला अभ्यास संपल्यावर तितकीच चिक्की द्यायची, असं ठरलं होतं. चेंबूरच्या एका बचत गटाकडून ती ३० ग्रॅमच्या वड्या बनवून घ्यायची. सकाळची लोकल पकडायची, कुर्ल्याला उतरून हार्बरचा प्लॅटफॉर्म गाठायचा, आणि हजेरी झाली की वर्गातच मुलींना चिक्की द्यायची. जुलै-ऑगस्टच्या पावसात वड्या सादळू नयेत म्हणून तिने स्टीलचा एक मोठा डबा घेतला होता. त्या डब्यावरून आमच्या विभागात सगळे तिला ओळखायचे. सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक मुलीच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन मोजलं.

दिवाळीनंतर आकडे एकत्र झाले. चिक्कीच्या गटात हिमोग्लोबिन सरासरी ०.४१ ग्रॅमने वाढलं होतं, तुलनेच्या गटात ०.१७ ने. फरक ०.२४ ग्रॅमचा. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणारी टी-टेस्ट लावली, तर `Sig. (2-tailed)` या रकान्यात ०.२३ आलं.

या आकड्याचा अर्थ इथेच सांगून टाकते, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. समजा चिक्कीचा काहीही परिणाम होत नाही. तरी चिठ्ठ्या टाकून दोन गट केले की निव्वळ योगायोगाने त्यांच्यात थोडाफार फरक पडणारच. एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या चिठ्ठ्यांमुळे किती वेळा पडेल, हे पी-व्हॅल्यू सांगते. ०.२३ म्हणजे शंभरात तेवीस वेळा. शंभरात पाच वेळांपेक्षा कमी असेल तरच ‘सिग्निफिकंट’ म्हणायचं, असा रिवाज आहे. ही पाचाची रेघ निसर्गाने आखून दिलेली नाही. १९२५ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी संशोधकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात ती सोयीची म्हणून सुचवली, आणि तिथून ती जगभर पक्की झाली.

साडेतीन वर्षांचं काम, आणि हाती ०.२३. पुढच्या दहा दिवसांत तिने जे केलं, त्याला लबाडी म्हणायला मी तयार नाही. त्यातल्या प्रत्येक पावलाला कारण होतं. आधी वाटलं, ज्यांचं हिमोग्लोबिन मुळात चांगलं आहे त्यांचं आणखी काय वाढणार? म्हणून सुरुवातीला १२ च्या खाली असलेल्या मुली वेगळ्या काढून पाहिल्या. नाही आलं. मग ८० टक्क्यांहून जास्त हजेरी असलेल्याच घेतल्या, कारण ज्या शाळेत आल्याच नाहीत त्यांनी चिक्की खाल्ली कुठे? नाही आलं. मग ज्या शाळेत शिक्षिका स्वतः लक्ष घालत होत्या ती एकच शाळा पाहिली. मग पाळी सुरू झालेल्या मुली. हिमोग्लोबिनसोबत तिने वजन, दंडाचा घेर, शाळेतली हजेरी आणि स्मरणशक्तीची एक छोटी चाचणी असंही मोजून ठेवलं होतं. प्रत्येक गटात तेही तपासलं.

एका रात्री अकराच्या सुमारास पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये हिमोग्लोबिनच्या ओळीसमोर ०.०३६ उमटलं. चिक्कीच्या ३८ मुली, तुलनेच्या ३५, फरक तब्बल अर्ध्या ग्रॅमचा. आणि कारण तर हात जोडून उभं होतं. पाळीत रक्त जातं, रक्ताबरोबर लोह जातं, मग लोहाची गरज ज्यांना जास्त, त्यांनाच चिक्कीचा फायदा झाला. कुणीही मान डोलावली असती. तिने त्याच रात्री गाइडला मेसेज केला, “बाई, आलं!”

या बाई माझ्या ज्येष्ठ सहकारी. कमी बोलणाऱ्या. रात्री त्यांनी काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी शेजारच्याच टेबलावर वह्या तपासत होते. मुलीने लॅपटॉप उघडून आउटपुट दाखवलं. बाईंनी चष्मा वर सरकवून ते सावकाश वाचलं आणि म्हणाल्या, “मूळ फाइल दे बरं मला.”

पेन ड्राइव्हवरून ती फाइल त्यांनी एक्सेलमध्ये उघडली. कोणती मुलगी चिक्कीची आणि कोणती तुलनेची हे सांगणारा एकच रकाना कॉपी करून दुसऱ्या कोऱ्या शीटवर नेला. त्याच्या शेजारी प्रत्येक ओळीत `=RAND()` टाकलं आणि त्या क्रमाने ते दोन रकाने सॉर्ट केले. पिसलेला रकाना परत मूळ जागी चिकटवला. बाकी सगळं, म्हणजे हिमोग्लोबिन, वजन, शाळा, हजेरी, जागच्या जागी राहिलं. फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करून पेन ड्राइव्ह तिच्या हातात दिला.

“चिक्की कुणी खाल्ली, हे मी यात पत्त्यांसारखं पिसलंय. त्यामुळे या फाइलमध्ये चिक्कीचा गुण असणं शक्यच नाही. बरोबर?”

“हो, बाई.”

“तू या दहा दिवसांत जे जे केलंस, ते सगळं यावर कर. मग पुन्हा पिस, पुन्हा कर. असं वीस वेळा. सोमवारी भेटू.”

एवढंच. रागावल्या नाहीत, संशोधनातल्या प्रामाणिकपणावर एक वाक्यही बोलल्या नाहीत. माझ्या टेबलापर्यंत आवाज जेमतेम आला.

शनिवारी कामाला बसल्यावर तिच्या लक्षात पहिली गोष्ट आली ती अशी, की आपण ‘जे जे केलं’ त्याची यादीच आपल्याकडे नाही. अंदाजाने तिला सात-आठ चाचण्या आठवत होत्या. एसपीएसएसचा आउटपुट लॉग वरपासून खालपर्यंत मोजला तेव्हा त्या निघाल्या २५. पाच मोजमापं आणि प्रत्येकाचे पाच तुकडे: सगळ्या मुली, कमी हिमोग्लोबिनच्या, जास्त हजेरीच्या, एका शाळेतल्या आणि पाळी सुरू झालेल्या. माणूस फसलेल्या चाचण्या विसरतो. ‘नाही आलं’ म्हणून खिडकी बंद केली की ती चाचणी झालीच नव्हती असं मनाला वाटू लागतं. तिनेही मुद्दाम काही लपवलं नव्हतं, तिच्या आठवणीने ते परस्पर उरकलं होतं.

पहिल्यांदा पिसलेल्या फाइलमध्ये पंचविसांपैकी एकही चाचणी सिग्निफिकंट आली नाही. तिला हायसं वाटलं. दुसऱ्या फाइलमध्ये एका शाळेतल्या मुलींच्या दंडाच्या घेरात ०.०३ आलं. चौथ्यात वजनात. रविवारी संध्याकाळी विसाव्या फाइलपर्यंत पोहोचली तेव्हा २० पैकी ११ फाइलींमध्ये कुठे ना कुठे ०.०५ च्या खालचा आकडा सापडला होता. त्यातले काही चिक्कीच्या विरुद्ध बाजूचे होते, ते कुणी छापले नसते. ते वगळून फक्त चिक्कीच्या बाजूचे मोजले तरी ७ फाइली उरत होत्या.

पण तिला हादरवलं ते या हिशेबाने नाही. तेराव्या की चौदाव्या फाइलमध्ये कमी हिमोग्लोबिनच्या मुलींमध्ये स्मरणशक्तीच्या चाचणीसमोर ०.००८ आलं. आणि ते पाहताक्षणी तिच्या मनात वाक्य तयार झालं, की मेंदूला लोह लागतं, म्हणून ज्यांना लोह कमी होतं त्यांची स्मरणशक्ती सुधारली. संदर्भासाठी कोणता पेपर घ्यायचा हेही आठवलं. मग भानावर आली, की हे लेबल आपणच सकाळी पिसलेलं आहे. सोमवारी हे सांगताना तिचा आवाज बसला होता. ती म्हणाली, “बाई, कारण आधीच तयार होतं. खोट्या आकड्यालासुद्धा.”

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. आपल्याकडे समज असा आहे की आकड्याला शास्त्रीय स्पष्टीकरण मिळालं म्हणजे आकडा खरा. आहारशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा विषयांत तर कोणत्याही निष्कर्षाला स्पष्टीकरण मिळतं, आणि उलट आला असता तर त्यालाही मिळालं असतं. पाळी सुरू न झालेल्या मुलींमध्ये फायदा दिसला असता, तर ‘त्यांचं रक्त जात नाही म्हणून लोह अंगी लागलं’ असं लिहिता आलं असतं. मराठीत बादरायण संबंध म्हणतो तो हाच, फक्त याला तळटीपा असतात.

हिशेब करून पाहू. एक चाचणी केली, तर चिक्की निरुपयोगी असताना ती फसवण्याची शक्यता पाच टक्के, म्हणजे न फसवण्याची पंचाण्णव. अशा २५ वेगवेगळ्या चाचण्या केल्या, तर सगळ्याच्या सगळ्या न फसवण्याची शक्यता ०.९५ चा पंचविसावा घात, म्हणजे साधारण २८ टक्के. निदान एक तरी फसवी ‘सिग्निफिकंट’ हाती लागण्याची शक्यता ७२ टक्के झाली. तिच्या चाचण्या एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या नव्हत्या, त्याच मुली वेगवेगळ्या तुकड्यांत पुन्हा पुन्हा येत होत्या, म्हणून तिला ७२ ऐवजी पंचावन्नच्या आसपास आलं. पुस्तकातलं सूत्र अशा गुंत्यात नेमका आकडा देऊ शकत नाही. पिसलेली फाइल देते, कारण त्यात डेटा तुमचाच असतो आणि शोधायची सवयही तुमचीच असते. बाईंच्या उत्तरातली खुबी ही होती. “पी-हॅकिंग करू नकोस”, म्हणजे सिग्निफिकंट येईपर्यंत डेटा खणू नकोस, असं सांगितलं असतं तर मुलीने मान हलवली असती, आणि आपण तसं केलेलंच नाही असं मनाशी म्हटलं असतं.

सोमवारी बाईंनी आणखी दोन प्रश्न विचारले. पहिला, “पाळी सुरू झालेल्यांत अर्धा ग्रॅम फरक. मग उरलेल्या सत्तेचाळीस जणींत काय झालं?” तिने ते पाहिलंच नव्हतं. पाहिलं तर तिथे फरक उलटा होता, उणे ०.१७. म्हणजे पहिलं खरं मानायचं तर दुसरंही मानायला हवं, की लहान मुलींना चिक्कीने किंचित अपायच होतो. तसं कुणीही मानणार नाही. दोन तुकड्यांत चिक्कीचा परिणाम खरोखर वेगळा आहे का, हे तपासायचं असेल तर एका तुकड्यात सिग्निफिकंट आलं आणि दुसऱ्यात नाही, एवढं पुरत नाही. त्या दोन फरकांमधलाच फरक तपासावा लागतो. तो केला तेव्हा पी-व्हॅल्यू ०.१० च्या जवळ आली. ही चूक मला प्रबंधांमध्ये सर्वांत जास्त वेळा दिसते, आणि ती पकडायला लॅपटॉप लागत नाही. ‘उरलेल्यांचं काय?’ एवढं विचारलं की पुरे.

दुसरा प्रश्न आकड्यांचा नव्हताच. बाईंनी तिची फील्डवरची वही मागितली. पावसाने कडा फुगलेली ती वही त्या बराच वेळ चाळत बसल्या. मध्येच एका पानावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे काय लिहिलंयस?” तारखेखाली तिच्याच अक्षरात होतं, ‘अर्धी वडी शेजारणीला दिली.’ पुढच्या आठवड्यात तसंच आणखी दोन ठिकाणी. दोन्ही गटांच्या मुली एकाच वर्गात, एकाच बाकावर बसत होत्या. समोर मैत्रीण बघत असताना एकटीने चिक्की खाणारी मुलगी मानखुर्दच्या शाळेत कुठून मिळणार? तुलनेच्या गटाच्या पोटातही थोडी चिक्की गेली होती, आणि ०.२४ हा फरक त्यामुळेही आक्रसला असू शकत होता. दहा दिवस एसपीएसएसमध्ये जे शोधलं, त्याच्यापेक्षा कामाची गोष्ट त्या वहीत चार महिने पडून होती.

प्रबंध अखेर असा लिहिला गेला. मुख्य निष्कर्षात फरक ०.२४ ग्रॅम, आणि त्याची ९५ टक्के मर्यादा उणे ०.१६ ते अधिक ०.६४. याचा साध्या भाषेतला अर्थ असा, की रोज ३० ग्रॅम चिक्कीने १२ आठवड्यांत एक ग्रॅमची वाढ होईल अशी आशा धरू नये, पाव-अर्ध्या ग्रॅमची होत असेलही, आणि शून्यही शक्य आहे. ६०-६० मुलींच्या गटांत साधारण ०.५६ ग्रॅमपेक्षा लहान फरक भरवशाने पकडताच येत नाही, हेही तिने लिहिलं. पुढच्या वेळी चिठ्ठ्या मुलींच्या न टाकता वर्गांच्या टाकाव्यात आणि त्यासाठी बरेच जास्त वर्ग घ्यावेत, हे लिहिलं. गूळ-शेंगदाण्यातलं लोह शरीरात कमी शोषलं जातं, म्हणून सोबत आवळा किंवा लिंबू देऊन पाहावं, हेही. पंचवीसच्या पंचवीस चाचण्यांचा तक्ता परिशिष्टात गेला. पाळी सुरू झालेल्या मुलींची ०.०३६ ची ओळही त्यात होती. शेजारी नोंद होती, की हा तुकडा आधी ठरवलेला नव्हता आणि २५ चाचण्यांचा हिशेब धरला तर रेघ ०.०५ भागिले २५, म्हणजे ०.००२ इतकी खाली येते. ज्या पालिकेला खरोखर चिक्कीवर पैसे खर्च करायचे आहेत, तिच्या अधिकाऱ्याला या प्रबंधातून काहीतरी हाती लागतं. ‘पाळी सुरू झालेल्या मुलींसाठी चिक्की गुणकारी’ या निष्कर्षातून त्याची दिशाभूल झाली असती, आणि ज्या मुलींना लोहाच्या गोळ्या हव्या होत्या त्यांना चिक्कीवर भागवावं लागलं असतं.

याच्या उलट वागलेला एक गुरू जगाने पाहिला आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वॉन्सिंक खाण्याच्या सवयींवरच्या संशोधनासाठी मोठे नावाजलेले होते. २०१६ मध्ये त्यांनी स्वतःच अभिमानाने लिहिलं, की एका बुफे रेस्टॉरंटमधल्या प्रयोगातून काही निष्पन्न झालं नव्हतं, तो डेटा त्यांनी परदेशातून आलेल्या एका तरुण संशोधक मुलीला दिला, यात काहीतरी सापडेलच असं सांगितलं, आणि तिने निरनिराळ्या प्रकारे खणून त्यातून पेपर काढले. मेहनती विद्यार्थ्याचं उदाहरण म्हणून त्यांनी ते सांगितलं होतं. वाचणाऱ्या संशोधकांना धक्का बसला, त्यांनी ते पेपर तपासले, तर आकडे एकमेकांशी जुळेनात. पुढे त्यांचे बरेच पेपर मागे घेतले गेले, आणि २०१८ मध्ये विद्यापीठाने गैरवर्तनाचा ठपका ठेवल्यावर त्यांनी राजीनामा दिला. मला यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते, की ते लिहिताना आपण काही चुकीचं सांगतो आहोत अशी शंकाही त्यांना आली नव्हती. आमच्याकडे “अजून थोडं बघ, काहीतरी येईल” म्हणणारे गाइड मी ऐकले आहेत. त्यांनाही ते प्रोत्साहनच वाटतं.

आता मागणीकडे येते. तिच्यावर आक्षेप येतात, आणि ते मला पोकळ वाटत नाहीत.

एक आक्षेप असा, की डेटा उलटसुलट करून पाहण्यातूनच नवं सापडतं, तुम्ही तेही बंद करणार का? अजिबात नाही. त्या मुलीने पाळीचा तुकडा पाहिला यात काही गैर नव्हतं. गैर तेव्हा झालं असतं, जेव्हा ते आधीच ठरवून तपासलं होतं अशा थाटात छापलं गेलं असतं. सापडलेली गोष्ट नव्या मुलींवर, नव्याने, एकदाच तपासायची. ज्या डेटाने कल्पना सुचवली तोच डेटा तिचा साक्षीदार होऊ शकत नाही. ‘हे शोधताना सापडलं’ एवढं वाक्य लिहायला काही पडत नाही, फक्त ते लिहिल्यावर विद्यार्थ्याचं नुकसान होणार नाही याची हमी परीक्षकांनी द्यायला हवी.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा आहे, आणि तो अधिक खरा आहे. ‘काही सापडलं नाही’ असा प्रबंध घेऊन मुलाखतीला गेलेल्या मुलीला कोण घेणार? इथे मी विद्यार्थ्यांना दोष देत नाही. बराच काळ प्रबंधाआधी पेपर छापणं सक्तीचं होतं, आणि जर्नलांना ‘सिग्निफिकंट’ हवं असतं. यूजीसीने २०२२ च्या नियमांत ती सक्ती काढली. हा मोठा बदल आहे, पण विभागांच्या आणि गाइडच्या मनातून सक्ती अजून गेलेली नाही. अशा वेळी सिनॉप्सिस टेबलावर असण्याचा फायदा विद्यार्थ्यालाच होतो. ‘प्रश्न हा होता, पद्धत ही होती, दोन्ही तुमच्याच समितीने मान्य केल्या होत्या, आणि उत्तर हे आलं’ असं त्याला ताठ मानेने म्हणता येतं. उत्तर काय यावं, हे मान्य करून घेण्याची गोष्टच नाही.

तिसरं असं म्हणतात, की ज्याला फसवायचं आहे तो परिशिष्टातली यादीही खोटी देईल. देईल. डॉक्टरी चाचण्यांमध्येही कुणी खोटं बोलू शकतो, तरीही तिथे २००९ पासून औषधाची चाचणी सुरू करण्यापूर्वी देशाच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत तिची नोंद सक्तीची आहे. काय मोजणार हे तारखेनिशी आधी लिहावं लागतं. ती नोंद पक्क्या लबाडाला अडवत नसेलही, पण प्रामाणिक माणसाला स्वतःच्या आठवणीपासून वाचवते. आमची डोंबिवलीची मुलगी लबाड नव्हती. तिने पंचवीसच्या जागी सात-आठ सांगितल्या असत्या आणि शपथेवर सांगितल्या असत्या.

कागद वाढवण्याची गरजही नाही. सिनॉप्सिस आधीपासून विद्यापीठाच्या फाइलीत आहे, त्यावर शिक्का आहे, तारीख आहे. त्यात दोन ओळींची भर घातली की काम होतं. मुख्य मोजमाप एकच कोणतं, आणि कोणते तुकडे वेगळे तपासणार. फिशर १९३८ मध्ये कोलकात्याला भारतीय सांख्यिकी परिषदेत बोलले होते. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणं, तो फार तर प्रयोग कशाने मेला ते सांगेल, अशा अर्थाचं ते म्हणाले होते. ऐंशीहून अधिक वर्षं झाली, आणि माझ्याकडे डेटा घेऊन येणारे बहुतेक विद्यार्थी आजही प्रबंध जमा करायच्या दीड-दोन महिने आधी येतात. त्यांच्या गाइडनी त्यांना सिनॉप्सिसच्या वेळीच पाठवलं, तर माझं अर्धं काम वाचेल आणि त्यांचे ते दहा दिवसही.

ती मुलगी आता स्वतः गाइड आहे. तिचे विद्यार्थी डेटा गोळा करून आणतात तेव्हा ती गटाचा रकाना काढून स्वतःकडे ठेवते आणि पिसलेला रकाना घातलेली फाइल त्यांना देते. कोणती चाचणी लावायची, कुणाला वगळायचं, कोणते तुकडे पाडायचे, हे सगळं त्यांनी त्या फाइलवर ठरवायचं, लिहून काढायचं, आणि दोघांनी त्याखाली सही करायची. मग खरा रकाना मिळतो. मागच्या महिन्यात तिच्या खोलीत गेले होते. कपाटात वरच्या कप्प्यात चिक्कीचा तो स्टीलचा डबा होता. पेन ड्राइव्ह त्यातच ठेवते, म्हणाली, प्रत्येकावर विद्यार्थ्याचं नाव आणि सिनॉप्सिसची तारीख लिहून.